प्रश्न माणसांबद्दल आहे की सरासरीबद्दल? एसडी, एसई आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलचे प्रश्न कसे वाचावेत

आधी एक प्रश्न घेऊ. पुढचा बहुतेक लेख याच आकड्यांवर चालणार आहे.

१०० निरोगी प्रौढांचा सिस्टोलिक, म्हणजे वरचा रक्तदाब मोजला. सरासरी आली १२० आणि प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, आले १५. (एकक मिलिमीटर पारा, पुढे दरवेळी लिहीत नाही.) रक्तदाब नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमध्ये आहे असे धरा. आता दोन प्रश्न. पहिला: अशा प्रौढांपैकी साधारण ९५ टक्के लोकांचा रक्तदाब कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल? दुसरा: ज्या लोकसंख्येतून हा नमुना घेतला तिच्या खऱ्या सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल किती?

पहिल्याचे उत्तर ९० ते १५०, दुसऱ्याचे ११७ ते १२३. दोन्हीकडे ९५ टक्के आहे, दोन्हीकडे सरासरीच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी दुप्पट करून मोजले आहे, आणि परीक्षेत पर्यायांमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात. इथे चुकणाऱ्यांचे गणित सहसा बरोबरच असते. चुकते ते प्रश्नाचे वाचन. म्हणून पेन हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: प्रश्न एकेका माणसाबद्दल विचारतो आहे की माणसांच्या सरासरीबद्दल? माणसांबद्दल असेल तर एसडी वापरायचे, सरासरीबद्दल असेल तर स्टँडर्ड एरर, म्हणजे एसई.

पायरी पहिली: वक्र काढा आणि त्यावर खुणा करा

प्रश्न माणसांबद्दल आहे असे धरून सुरुवात करू. कागदावर घंटेच्या आकाराचा वक्र काढा. मधोमध १२० लिहा. उजवीकडे एकेक एसडी पुढे जात १३५, १५०, १६५ आणि डावीकडे १०५, ९०, ७५ लिहा. सूत्र पाठ असले तरी हे चित्र काढाच, कारण प्रश्नकर्ता जी फसवणूक करतो ती चित्रात लगेच दिसते.

नॉर्मल वक्राचे तीन आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना १ एसडीपर्यंत ६८ टक्के लोक येतात, २ एसडीपर्यंत ९५ टक्के आणि ३ एसडीपर्यंत ९९.७ टक्के. पण प्रश्न क्वचितच एवढा सरळ येतो. तो येतो एका बाजूचा किंवा मधल्याच एखाद्या तुकड्याचा. त्यामुळे हे आकडे अर्धे करून तुकड्या-तुकड्याने लक्षात ठेवलेले बरे. मध्यापासून १ एसडीपर्यंत ३४ टक्के, १ ते २ एसडीमध्ये १३.५, २ ते ३ एसडीमध्ये २.३५ आणि त्याच्या पलीकडे ०.१५. वक्र दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे डावीकडेही हेच. एका बाजूची बेरीज करून पाहा, बरोबर ५० येते.

आता वेगवेगळ्या पद्धतीने विचारून पाहू. किती टक्के लोकांचा रक्तदाब १३५ च्या वर असेल? उजव्या अर्ध्या भागात ५० टक्के आहेत, त्यातले ३४ टक्के १३५ पर्यंत संपले, उरले १६. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १०० मधून ६८ वजा करून ३२ म्हणणे. ते ३२ दोन्ही शेपट्यांचे मिळून आहेत, प्रश्नाने एकच शेपूट विचारले होते. तसेच १५० च्या वर किती, तर ५ नव्हे, २.५ टक्के.

१०५ ते १५० च्या मध्ये किती? डावीकडचे ३४, उजवीकडचे ३४ आणि १३.५, एकूण ८१.५ टक्के. १३५ हा कितवा पर्सेंटाइल? त्याच्या खाली डावीकडचे सगळे ५० आणि वरचे ३४, म्हणजे ८४ वा. १००० लोकांमध्ये १५० च्या वर किती जण? २.५ टक्के म्हणजे २५ जण. शेवटच्या प्रश्नात लोकांची संख्या दिली की काही जणांचा हात आपोआप वर्गमुळाकडे जातो. तसे करू नका. माणसे मोजायची असतील तर संख्या फक्त शेवटी टक्केवारीला गुणायला लागते.

जाता जाता: नेमका ९५ टक्के भाग १.९६ एसडीमध्ये येतो. २ हा सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. नेमके २ घेतले तर एका शेपटात २.२८ टक्के उरतात. पर्यायांमध्ये २.५ आणि २.३ यांपैकी एकच दिलेला असतो, त्यामुळे यावरून डोके शिणवू नका.

आकडा खुणेवर बसत नसेल तर

१४१ च्या वर किती, असे विचारले तर खुणा अपुऱ्या पडतात. तेव्हा तो आकडा सरासरीपासून किती एसडी दूर आहे ते काढायचे. यालाच झेड स्कोअर म्हणतात.

झेड = (मोजलेला आकडा − सरासरी) ÷ एसडी

१४१ वजा १२० म्हणजे २१, भागिले १५, झेड आला १.४. तक्ता दिलेला असेल तर त्यातून शेपूट वाचा, साधारण ८ टक्के. तक्ता नसेल तरी १६ आणि २.५ यांच्या मधले उत्तर असणार एवढे चित्रावरून कळते, आणि तोंडी किंवा बहुपर्यायी प्रश्नाला तेवढे बहुधा पुरते.

झेड स्कोअरची खरी सोय वेगवेगळ्या चाचण्या एका मापात आणण्यात आहे. समजा एकाच व्यक्तीचा रक्तदाब १५० आणि कोलेस्टेरॉल २२० आहे, आणि प्रश्नात कोलेस्टेरॉलची सरासरी १८०, एसडी ४० दिले आहे. कोलेस्टेरॉल सरासरीपेक्षा ४० ने जास्त, रक्तदाब फक्त ३० ने. तरी जास्त वेगळा आहे तो रक्तदाब, कारण त्याचा झेड २ आहे आणि कोलेस्टेरॉलचा १.

प्रत्यक्ष वैद्यकात हे माप सतत भेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांत उंचीच्या मानाने वजनाचा झेड उणे ३ च्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित गटात धरले जाते. हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आला की ऑस्टिओपोरोसिस. पण टी-स्कोअरमध्ये एक मेख आहे. तो तरुण निरोगी प्रौढांच्या सरासरीशी तुलना करून काढतात, त्याच वयाच्या लोकांशी नव्हे. वयाबरोबर हाडांची घनता कमी होते, त्यामुळे सत्तरीतल्या स्त्रियांपैकी किती जणींचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल याचे उत्तर नॉर्मल तक्त्यातून काढता येत नाही. ते एक टक्क्याच्या कितीतरी वर असते. झेड स्कोअर दिसला की कोणाच्या सरासरीपासूनचा, हे आधी पाहा.

पायरी दुसरी: वक्र खरोखर नॉर्मल आहे का?

वरचे सगळे टक्के नॉर्मल वक्राचेच आहेत. प्रश्नात तसे स्पष्ट म्हटले असेल तर निर्धास्त राहा. म्हटले नसेल तर एक झटपट कसोटी आहे. जी गोष्ट ऋण असूच शकत नाही तिच्या सरासरीतून २ एसडी वजा करून पाहा. समजा रुग्णालयातल्या मुक्कामाची सरासरी ६ दिवस आणि एसडी ७ दिवस दिली आहे. ६ वजा १४ म्हणजे उणे ८ दिवस. कोणी उणे आठ दिवस दाखल राहत नाही. म्हणजे बहुतेक जण दोन-चार दिवसांत घरी जातात आणि थोडे जण महिनाभर राहून सरासरी वर खेचतात. शेपूट उजवीकडे लांब आहे. अशा वेळी सरासरी मध्यकापेक्षा सहसा मोठी येते. इथे ‘सरासरी ± २ एसडीमध्ये ९५ टक्के’ हे वाक्य वापरायचे नाही, मध्यक आणि चतुर्थक सांगायचे. ट्रायग्लिसराइड, सीआरपी अशा चाचण्यांचे आकडेही असेच एका बाजूला कललेले असतात.

उलट दिशेने मात्र ही कसोटी चालत नाही. वजाबाकी धन आली म्हणून वक्र नॉर्मल ठरला असे होत नाही.

याच्याशीच जोडलेला एक मुद्दा प्रश्नांत वारंवार येतो. प्रयोगशाळेच्या अहवालात जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते ती बहुधा निरोगी लोकांमधल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे व्याख्येनेच २० निरोगी माणसांपैकी एक जण त्या मर्यादेबाहेर पडतो. आता एकाच निरोगी माणसाच्या २० चाचण्या केल्या, आणि त्या एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर निदान एक तरी चाचणी ‘अॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता किती? सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ०.३६. त्यामुळे निदान एक बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. इथला ‘नॉर्मल’ आणि नॉर्मल वक्रातला ‘नॉर्मल’ यांपैकी कुठलाच निरोगीपणाची हमी देत नाही.

पायरी तिसरी: सरासरीबद्दल विचारले असेल तर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आपण १०० जण निवडले आणि सरासरी १२० आली. दुसरे १०० जण निवडले असते तर? कदाचित ११८.७ आली असती, तिसऱ्या वेळी १२१.२. अशा शेकडो नमुन्यांच्या शेकडो सरासऱ्या काढल्या आणि त्यांचाच वक्र काढला, तर तो माणसांच्या वक्रापेक्षा खूपच अरुंद येतो. कारण सोपे आहे. एखाद्या माणसाचा रक्तदाब १५० असणे नवल नाही, पण शंभर जणांची सरासरी १५० यायची तर जवळपास सगळेच उंच रक्तदाबाचे निवडले जायला हवेत. नमुन्यात वरचे आणि खालचे एकमेकांना खोडून काढतात.

सरासऱ्यांच्या या अरुंद वक्राचे प्रमाण विचलन म्हणजेच एसई. ते काढायला शेकडो नमुने घ्यावे लागत नाहीत, एकाच नमुन्यातून अंदाज येतो:

एसई = एसडी ÷ √(नमुन्यातील व्यक्तींची संख्या)

आपल्या उदाहरणात १५ भागिले १०, म्हणजे १.५. नमुना २५ जणांचा असता तर १५ भागिले ५, म्हणजे ३. ४०० जणांचा असता तर ०.७५. एसई निम्मे करायला माणसे चौपट लागतात, दुप्पट नव्हे. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की ‘अचूकता दुप्पट करायची आहे’ असे वाचले की लगेच चौपट आठवावे.

आणि माणसे वाढवली की एसडीचे काय होते? काहीच नाही, निदान ठरावीक दिशेने तरी नाही. माणसामाणसांतला फरक हा माणसांचा गुणधर्म आहे. जास्त जणांना मोजल्याने लोक एकमेकांसारखे होत नाहीत. मोठ्या नमुन्यात एसडीचा अंदाज जास्त भरवशाचा होतो, पण तो १५ च्या आसपासच राहतो.

आणखी एक गोष्ट इथे मदतीला येते. मूळ आकडे नॉर्मल नसले, अगदी रुग्णालयातल्या मुक्कामासारखे एका बाजूला कललेले असले, तरी पुरेशा मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचा वक्र नॉर्मलच्या जवळ जातो. सेंट्रल लिमिट थिअरम ती हीच. म्हणून कललेल्या आकड्यांसाठी ‘९५ टक्के लोक’ सांगता येत नसताना सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र सांगता येतो. किती मोठा नमुना ‘पुरेसा’ हे आकडे किती कललेले आहेत त्यावर ठरते. ३० चा जो आकडा सांगतात तो ढोबळ आहे.

आता इंटरव्हल काढू. ९५ टक्क्यांसाठी १.९६ गुणिले १.५ म्हणजे २.९४. त्यामुळे ११७.०६ ते १२२.९४, ढोबळमानाने ११७ ते १२३. ९९ टक्क्यांसाठी १.९६ च्या जागी २.५८ घ्यायचे: साधारण ११६.१ ते १२३.९. ९० टक्क्यांसाठी १.६४५. जास्त खात्री हवी तर जाळे रुंद टाकावे लागते, म्हणून ९९ टक्क्यांचा इंटरव्हल ९५ च्या इंटरव्हलपेक्षा नेहमी रुंद असतो. पर्यायांमध्ये उलटे दिले असेल तर तो पर्याय तिथेच खोडा.

नमुना लहान असेल तर १.९६ कमी पडते, कारण एसडीसुद्धा थोड्याच लोकांवरून काढलेले असते. त्यासाठी टी-वितरण वापरतात. विल्यम गॉसेट यांनी ते १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडले. २५ जणांच्या नमुन्यात डिग्री ऑफ फ्रीडम २४ आणि टी चा आकडा २.०६. एसई ३ असेल तर इंटरव्हल ११३.८ ते १२६.२ येतो, १.९६ घेतले असते तर ११४.१ ते १२५.९ आला असता. फरक फार नाही, पण १० जणांच्या नमुन्यात हाच आकडा २.२६ होतो आणि मग तो दुर्लक्षून चालत नाही.

११७ ते १२३ चा अर्थ

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. चार वाक्ये समोर ठेवू. ‘९५ टक्के लोकांचा रक्तदाब ११७ ते १२३ मध्ये आहे’ हे साफ चूक. लोक ९० ते १५० मध्ये पसरलेले आहेत. ‘नमुन्याची सरासरी ९५ टक्के खात्रीने ११७ ते १२३ मध्ये आहे’ हेही चूक, कारण नमुन्याची सरासरी आपल्याला नक्की माहीत आहे, ती १२० आहे. ‘पुन्हा नमुना घेतला तर त्याची सरासरी ९५ टक्के वेळा ११७ ते १२३ मध्ये येईल’ हे बरोबर वाटते, पण तेही चूक. खरी सरासरी १२० च नसून ११८ असू शकते आणि नवे नमुने ११८ भोवती पडतील. ‘लोकसंख्येची खरी सरासरी ११७ ते १२३ मध्ये आहे असे आपण ९५ टक्के विश्वासाने म्हणतो’ हे स्वीकारले जाणारे उत्तर.

या ‘विश्वासा’चा काटेकोर अर्थ येर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हाच सांगितला होता: याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन इंटरव्हल काढत राहिलो, तर त्यांपैकी ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या सरासरीला सामावून घेतील. टक्केवारी पद्धतीची आहे, हातातल्या एका इंटरव्हलची नाही. ‘खरी सरासरी इथे असण्याची संभाव्यता ९५ टक्के’ असे लिहिलेले पर्याय दिसले की या काटेकोर अर्थाशी जुळणारा दुसरा पर्याय आहे का ते पाहा. असेल तर तो निवडा. नसेल तर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

इंटरव्हलमध्ये फक्त नमुना निवडताना होणारा योगायोगाचा फरक धरलेला असतो. मोजणारे यंत्रच सगळ्यांना ५ ने जास्त दाखवत असेल, तर ४०,००० जण मोजूनही इंटरव्हल चुकीच्या आकड्याभोवतीच अरुंद होत जाईल.

± च्या मागे काय दडले आहे

शोधनिबंधात कधी नुसतेच ‘१२० ± १.५’ छापलेले असते. हे एसडी की एसई? लेखकाने सांगितले नसेल तर स्वतः ताडायचे. प्रौढांच्या रक्तदाबाचे एसडी १.५ असेल तर जवळजवळ सगळे लोक ११५.५ ते १२४.५ मध्ये बसायला हवेत, आणि रक्तदाब मोजणाऱ्या कोणालाही ते पटणार नाही. म्हणजे हे एसई आहे. नमुना १०० चा असेल तर १० ने गुणून एसडी १५ मिळते. एसई लहान दिसते म्हणून आलेखांत तेच वापरायचा मोह होतो. लोक किती वेगवेगळे आहेत हे सांगायच्या जागी ते छापणे मला तरी दिशाभूल वाटते.

इंटरव्हलवरूनही असेच मागे जाता येते. ११७ ते १२३ ची रुंदी ६, निम्मी ३, भागिले १.९६ म्हणजे साधारण १.५ एसई. नमुना कळला की एसडी हाती आले.

दोन गट शेजारी ठेवले की

आपल्या पहिल्या गटाशेजारी दुसरा गट ठेवू: १०० जण, एसडी १५, सरासरी १२५. त्याचा इंटरव्हल साधारण १२२ ते १२८. पहिल्याचा ११७ ते १२३. दोन्ही इंटरव्हल १२२ ते १२३ मध्ये एकमेकांवर चढतात. ‘म्हणून दोन गटांत लक्षणीय फरक नाही’ असा निष्कर्ष बरोबर?

नाही. प्रश्न आता फरकाबद्दल आहे, म्हणून इंटरव्हलही फरकाचाच काढायला हवा. फरक ५. फरकाचे एसई काढताना दोन्ही एसईंची नुसती बेरीज करायची नाही. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे. १.५ चा वर्ग २.२५, दोनदा मिळून ४.५, वर्गमूळ २.१२. त्याला १.९६ ने गुणले की ४.१६. म्हणजे फरकाचा इंटरव्हल ०.८४ ते ९.१६. यात शून्य नाही, म्हणून ५ टक्के पातळीवर फरक लक्षणीय आहे. स्वतंत्र गटांचे ९५ टक्के इंटरव्हल एकमेकांना शिवतही नसतील तर फरक लक्षणीय असतोच. पण थोडे चढत असतील तर फक्त बघून सांगता येत नाही.

फरक मोजला असेल तर इंटरव्हलमध्ये ० आहे का पाहायचे. रिलेटिव्ह रिस्क किंवा ऑड्स रेशो असेल तर १ आहे का पाहायचे, कारण भागाकारात ‘काही फरक नाही’ म्हणजे १. घाईत हे उलटे होते: ऑड्स रेशो २ आणि इंटरव्हल १.२५ ते ३.२ दिला असताना त्यात शून्य नाही एवढेच बघून लोक पुढे जातात. उत्तर योगायोगाने बरोबर येते. पुढच्या प्रश्नात ०.८ ते ३.५ असतो, शून्य त्यातही नाही, आणि तिथे मात्र फसतात. २ हा १.२५ आणि ३.२ यांच्या बरोबर मध्ये का नाही असे वाटले असेल तर गुणोत्तर काढून पाहा: २ भागिले १.२५ म्हणजे १.६ आणि ३.२ भागिले २ म्हणजेही १.६. हे इंटरव्हल लॉगच्या मापात काढलेले असतात.

इंटरव्हलमध्ये शून्य सापडले म्हणजे ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ असे समजू नका. फरकाचा इंटरव्हल उणे १ ते ११ असेल तर फरक शून्यही असू शकतो आणि १० सुद्धा. याचा अर्थ एवढाच की या अभ्यासातून ठरवता आलेले नाही. उलट, प्रचंड नमुन्यात ०.४ ते ०.८ असा इंटरव्हल आला तर तो शून्यापासून दूर आहे खरा, पण अर्ध्या मिलिमीटर पाऱ्याच्या फरकावर एकाही रुग्णाचा उपचार बदलत नाही.

सगळे एका प्रश्नात

६४ रुग्णांना एक औषध दिले. रक्तदाबातली सरासरी घट ८, घटीचे एसडी २०. बदल नॉर्मल आहे असे धरा. तीन विधाने तपासायची: औषधाच्या काळात सरासरी रक्तदाब लक्षणीय कमी झाला, ९५ टक्के रुग्णांची घट ३ ते १३ च्या मध्ये आहे, जवळपास सर्व रुग्णांचा रक्तदाब कमी झाला.

पहिले विधान सरासरीबद्दल आहे, म्हणून एसई. ६४ चे वर्गमूळ ८, २० भागिले ८ म्हणजे २.५. १.९६ ने गुणून ४.९. इंटरव्हल ३.१ ते १२.९, शून्य बाहेर, विधान बरोबर. मात्र तुलनेचा गट नसल्यामुळे ही घट औषधामुळेच झाली असे यातून म्हणता येत नाही. पहिल्या वेळी रक्तदाब जास्त आला म्हणून निवडलेल्या लोकांचा दुसऱ्या वेळी तो औषधाशिवायही थोडा उतरतो.

दुसरे विधान माणसांबद्दल आहे, पण त्यात आकडे सरासरीचे घातले आहेत. माणसांसाठी एसडी घ्यायचे: ८ उणे ४० ते ८ अधिक ४०, म्हणजे उणे ३२ ते ४८. विधान चूक.

तिसरेही माणसांबद्दल. घट शून्यापेक्षा कमी, म्हणजे रक्तदाब उलट वाढलेला, असे किती जण? झेड = (० − ८) ÷ २०, म्हणजे उणे ०.४. तक्त्यात त्याच्या खाली ३४ टक्के मिळतात. तक्ता नसेल तर चित्र पाहा: शून्य हे मध्य आणि उणे १ एसडी यांच्या दरम्यान पडते, म्हणून उत्तर १६ आणि ५० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. विधान चूक. सरासरी घटीचा इंटरव्हल शून्यापासून स्पष्ट दूर असूनही ६४ पैकी साधारण २२ जणांचा रक्तदाब दुसऱ्या मोजणीत वाढलेला दिसेल.